प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग: जोडीतली माणसं वेगळी दिसतात, तरी तुलना बरोबर कशी?

प्रश्न: मी अर्थशास्त्रात पीएचडी करतो आहे. प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग शिकायला आरमधल्या MatchIt पॅकेजचा lalonde डेटा घेतला. १८५ जणांना १८५ जोडीदार मिळाले, पण जोड्या उघडून पाहिल्या तर एकीकडे बावीस वर्षांचा मुलगा आणि दुसरीकडे चाळिशीचा माणूस, शिक्षण वेगळं, पगार वेगळा. फक्त स्कोअर सारखा. याला तुलना कसं म्हणायचं? स्कोअर काढणारं मॉडेल कमकुवत आहे का, त्याचा एयूसी, म्हणजे प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित वेगळे ओळखण्याची क्षमता, वाढवायला हवा का? पुढे हेच प्रबंधात कौशल्य प्रशिक्षणाच्या डेटावर वापरायचं आहे.

उत्तर:

जोड्या उघडून बघितल्यात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण शेवटचा आकडा घेऊन मोकळे होतात. तुम्हाला जे दिसलं त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक या पद्धतीचा स्वभावच आहे, तिची काळजी करायची नाही. दुसरी खरोखरची बिघाड आहे, आणि ती नेमकी याच डेटात आहे. दोन्ही वेगळ्या करून सांगतो. त्याआधी हा डेटा कुठून आला ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत नॅशनल सपोर्टेड वर्क नावाचा कार्यक्रम दहा ठिकाणी चालवला गेला. काम मिळणं ज्यांना सगळ्यात कठीण, अशांसाठी तो होता: तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, शाळा सोडलेली तरुण मुलं, वर्षानुवर्षं सरकारी मदतीवर असलेल्या एकल माता. त्यांना साधारण ९ ते १८ महिने देखरेखीखालचं काम दिलं जायचं. कोणाला घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेनं ठरत होतं, म्हणजे तो रीतसर प्रयोग होता. त्यामुळे खरं उत्तर माहीत आहे. आपण वापरतो त्या पुरुषांच्या नमुन्यात प्रशिक्षित १८५ आणि प्रयोगातले अप्रशिक्षित २६०. १९७८ची सरासरी कमाई अनुक्रमे ६३४९ आणि ४५५५ डॉलर. फरक १७९४ डॉलर.

१९८६ मध्ये रॉबर्ट लालोंड यांनी याच कार्यक्रमाच्या डेटावर एक धाडसी प्रश्न विचारला. प्रयोगातला अप्रशिक्षित गट बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी देशव्यापी पाहणीतली साधी माणसं आणून बसवली, तर नेहमीच्या सांख्यिकी पद्धती खऱ्या उत्तराच्या जवळ जातात का? बहुतेक जात नव्हत्या. का, ते लगेच दिसतं. करंट पॉप्युलेशन सर्व्हे या पाहणीतल्या १५,९९२ पुरुषांची १९७८ची सरासरी कमाई होती १४,८४७ डॉलर. त्यांच्याशी सरळ वजाबाकी केली तर प्रशिक्षणामुळे माणसाचं साडेआठ हजार डॉलर्सचं नुकसान झालं असं निघतं. MatchIt मध्ये तुलनेसाठी जे ४२९ जण आहेत, ते याच पाहणीतून गाळून घेतलेले आहेत: १९७६ मध्ये काम नसलेले आणि १९७५चं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलेले. (पॅकेजच्या मदतीच्या पानावर दुसऱ्या पाहणीचं नाव वाचलंत तर गोंधळू नका. संख्या आणि सरासऱ्या या उपगटाशी जुळतात.) इतकं गाळूनही सरळ वजाबाकी उणे ६३५ डॉलर्सच येते.

आता मूळ अडचण काय आहे? आपल्याला या १८५ जणांबद्दलच विचारायचं आहे: यांना प्रशिक्षण मिळालं नसतं, तर १९७८ मध्ये यांनी किती कमावलं असतं? हा रकाना कायमचा रिकामा आहे. तो ४२९ जणांच्या कमाईवरून भरायचा आहे. त्यासाठी प्रत्येकाचा जुळा भाऊ सापडायची गरज नाही. कमाईवर ज्यांचा परिणाम होतो त्या सगळ्या बाबतींत अप्रशिक्षितांचा असा गट हवा, जो गट म्हणून या १८५ जणांसारखा असेल. तुम्ही जोडी बघत होतात, पद्धत गटाचं आश्वासन देते. सगळी गफलत या एका फरकात आहे.

### एक आकडा पुरतो कसा

प्रोपेन्सिटी स्कोअर म्हणजे, माणसाची आधीची सगळी माहिती पाहून त्याला प्रशिक्षण मिळण्याची जी शक्यता येते ती. सूत्रात `e(X) = P(T = 1 | X)`. पॉल रोझेनबॉम आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हा एकच आकडा सारखा ठेवला, तर त्याच्या आत दडलेल्या सगळ्या बाबी दोन्ही गटांत सारख्या वाटल्या जातात. हे वाचून पटत नाही, आकडे मांडले की पटतं.

समजा, ज्यांचा स्कोअर ०.२५ आहे असे १२० जण आहेत. त्यांत दोनच प्रकारची माणसं आहेत. पहिल्या प्रकारचे ८०: बावीस वर्षांचे, आधीची कमाई बरी. दुसऱ्या प्रकारचे ४०: चाळिशीतले, आधीची कमाई शून्य. दिसायला दोघं एकमेकांपासून दूर, पण वय आणि कमाई यांचा प्रवेशावरचा परिणाम उलटसुलट असल्यामुळे दोघांचीही शक्यता ०.२५ आली. म्हणजे पहिल्यांतल्या ८० पैकी २० प्रशिक्षणात गेले, ६० बाहेर राहिले. दुसऱ्यांतल्या ४० पैकी १० गेले, ३० राहिले. आता प्रमाण बघा. प्रशिक्षितांत २० आणि १०. अप्रशिक्षितांत ६० आणि ३०. दोन्हीकडे दोनास एक. वय आणि कमाई आपण जुळवलेलीच नाही, तरी दोन्ही गटांत ती सारखी आहे. पद्धतीचा जीव एवढाच आहे: ज्यांची शक्यता सारखी, त्यांच्यातून कोण आत गेलं आणि कोण बाहेर राहिलं यात वय-कमाईचा हात उरत नाही. त्या छोट्या कप्प्यात जणू चिठ्ठ्याच टाकल्या गेल्या.

आता या कप्प्यात डोळे मिटून जोड्या लावा. प्रशिक्षित तरुण २०. त्यांना मिळणाऱ्या जोडीदारांपैकी एक तृतीयांश चाळिशीतले असणार, म्हणजे सातेक बेजोड जोड्या. प्रशिक्षित चाळिशीतले १०. त्यांना मिळणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश तरुण असणार, म्हणजे पुन्हा सातेक बेजोड जोड्या, पण उलट्या दिशेनं. एकीकडे प्रशिक्षित माणूस जोडीदारापेक्षा तरुण, दुसरीकडे तितक्याच वेळा म्हातारा. सरासरी काढली की हे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. बावीस आणि चाळीस ही तुमची जोडी अशांपैकी असेल, तर तिच्यात काही बिघडलेलं नाही.

दोन अटी मात्र आहेत. पहिली, हे खाऊन टाकणं सरासरीनं होतं. माणसं थोडी असतील तर योगायोगानं एका बाजूला झुकाव उरतोच. गॅरी किंग आणि रिचर्ड नील्सन यांनी २०१९ मध्ये प्रोपेन्सिटी स्कोअरनं मॅचिंग करू नये अशी ठाम भूमिका घेतली, तिचं एक मोठं कारण हेच आहे: स्कोअर फार तर साध्या यादृच्छिक वाटणीची नक्कल करतो, पण सारखी माणसं आधी शेजारी बसवून मग वाटणी करण्याइतकी घट्ट तुलना देत नाही. मी त्यांच्याइतका टोकाला जात नाही. पण एखादी बाब निकालावर फार प्रभाव टाकते हे आधीपासून माहीत असेल, तर ती नुसती स्कोअरच्या भरवशावर सोडत नाही. ती थेट जुळवतो आणि बाकीच्या बाबींसाठी स्कोअर वापरतो.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. स्कोअर खरा असला पाहिजे, आणि तो आपल्याला कधीच माहीत नसतो, आपण त्याचा अंदाज करतो. तोच कप्पा पुन्हा घ्या. मॉडेलनं दोघांनाही ०.२५ दिला, पण प्रत्यक्षात तरुणांची शक्यता ०.४ आणि चाळिशीतल्यांची ०.१ होती असं समजा. मग आत गेले ३२ तरुण आणि ४ चाळिशीतले. बाहेर राहिले ४८ आणि ३६. आत आठास एक, बाहेर चारास तीन. स्कोअर सारखा, गट सारखे नाहीत. आणि हे कळतं कसं? स्कोअरकडे बघून नाही. मॅचिंगनंतर प्रत्येक बाब दोन्ही गटांत किती आहे, हे मोजल्यावर. म्हणून या कामात मॉडेलची परीक्षा एकच, समतोल साधला का. न साधल्यास मॉडेल बदलायचं, वर्गपद घालायचं, दोन बाबींचा गुणाकार घालायचा, आणि पुन्हा बघायचं.

### एयूसीचा पाठलाग करू नका

इथेच तुमच्या एयूसीचं उत्तर येतं. कोण प्रशिक्षणाला जाणार हे ओळखणं आपलं काम नाहीच. टोकाची कल्पना करा: मॉडेल इतकं हुशार आहे की प्रत्येक प्रशिक्षिताला ०.९९ आणि प्रत्येक अप्रशिक्षिताला ०.०१ देतं. एयूसी नेमका एक. आणि तुलना अशक्य, कारण सारख्या शक्यतेचे दोघं कुठेच नाहीत. उलट, उत्तम यादृच्छिक प्रयोगात एयूसी ०.५च्या आसपास असतो. मोठा एयूसी म्हणजे शाबासकी नसून इशारा आहे: दोन गट एकमेकांपासून दूर आहेत, पाय जपून टाका.

मग मॉडेलमध्ये काय घालायचं? प्रशिक्षणाच्या आधीची, आणि निकालावर परिणाम करणारी प्रत्येक बाब. प्रशिक्षणानंतर मोजलेलं काहीही नाही, कारण त्यात प्रशिक्षणाचा परिणाम आधीच शिरलेला असतो. आणि जी बाब फक्त प्रवेशावर परिणाम करते, कमाईशी तिचा दुसरा कोणताही संबंध नाही, ती घालून नुकसानच होतं. एयूसी वाढतो, गट दूर जातात, अंदाज डळमळीत होतो आणि त्यातली एकतर्फी चूक कमी होत नाही.

या डेटातली सगळ्यात बोलकी बाब आहे आधीच्या दोन वर्षांची कमाई, `re74` आणि `re75`. तुलनेतल्या ४२९ जणांची १९७४ची सरासरी कमाई ५६१९ डॉलर, १९७५ची २४६६. एका वर्षात निम्म्याहून खाली. प्रशिक्षितांची १९७४ मध्ये २०९६, १९७५ मध्ये १५३२. दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहा. तुलनेतली माणसं १९७५ मध्ये गरीब होती म्हणूनच त्यांना निवडलं गेलं. त्यांच्यापैकी पुष्कळांचं ते एक वाईट वर्ष होतं. प्रशिक्षितांची अवस्था जुनी होती, त्यांच्यातल्या ७१ टक्के लोकांची १९७४ची कमाई चक्क शून्य होती. आता कोणी फक्त `re75` जुळवलं, तर एक वर्ष घसरलेला माणूस आणि कायम कामाबाहेर असलेला माणूस शेजारी येतात. पहिला दोन-तीन वर्षांत आपोआप सावरतो, दुसरा सावरत नाही, आणि प्रशिक्षण निकामी दिसतं. अनेक प्रशिक्षण-अभ्यासांत उलटंही घडतं: घसरलेल्या वर्षीच माणूस प्रशिक्षणाला नाव नोंदवतो, नंतर सावरतो, आणि श्रेय प्रशिक्षणाला मिळतं. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी ही आधीची घसरण १९७८ मध्ये दाखवून दिली, आणि अर्थशास्त्रात ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. राजीव दहेजिया आणि सादेक वाहबा यांनी १९९९ मध्ये या डेटावर प्रोपेन्सिटी स्कोअर वापरून प्रयोगाच्या जवळ जाणारे अंदाज काढले, तेव्हा १९७४ची कमाई हाताशी असण्यावर त्यांनी भर दिला होता.

शून्य कमाईचा वेगळा रकानाही घाला. सरासरी जुळली तरी एका गटात बहुतेक शून्य आणि थोडे मोठे पगार, दुसऱ्यात सगळ्यांचे मधले पगार, असं असू शकतं.

### या डेटातली खरी बिघाड

तुम्ही बहुधा हेच चालवलं असेल:

```r
library(MatchIt)
data("lalonde")
m <- matchit(treat ~ age + educ + race + married +
               nodegree + re74 + re75,
             data = lalonde, method = "nearest")
summary(m)
```

१८५ पैकी सगळ्यांना जोडीदार मिळाला, म्हणून काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. आता `summary` मधली `raceblack` ही ओळ बघा. प्रशिक्षितांत कृष्णवर्णीय ८४.३ टक्के. मॅचिंगआधी तुलनेच्या गटात २०.३ टक्के, मॅचिंगनंतर ४७.० टक्के. सुधारलं खरं, पण ८४ कुठे आणि ४७ कुठे! प्रमाणित फरकाच्या, म्हणजे सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन या मापाच्या, भाषेत १.७६ वरून १.०३. आपण ०.१ च्या आत असल्याशिवाय समाधान मानत नाही, तिथे हा दहापट आहे.

मॉडेल दुरुस्त करून हे सुटेल असं वाटेल. सुटणार नाही, आणि कारण साध्या मोजणीत आहे. १८५ प्रशिक्षितांत कृष्णवर्णीय १५६ आहेत. तुलनेच्या ४२९ जणांत ते एकूण ८७. प्रत्येक माणूस एकदाच वापरायचा, तर ८७च्या ८७ घेतले तरी १८५ पैकी ८७, म्हणजे बरोबर ४७.० टक्के. संगणकानं जितकं करता येत होतं तितकं केलं, मग माणसं संपली. उरलेल्या निदान ६९ कृष्णवर्णीय प्रशिक्षितांना इतर वंशाचे जोडीदार द्यावे लागले. आणि वंश या डेटात प्रवेशाशी सगळ्यात घट्ट बांधलेला आहे, म्हणून या जोड्यांचे स्कोअरही जुळत नाहीत. `distance` ची ओळ तेच सांगते: प्रशिक्षितांचा सरासरी स्कोअर ०.५८, मॅचिंगनंतरही तुलनेच्या गटाचा ०.३६. म्हणजे तुमच्या काही जोड्यांत "फक्त स्कोअर सारखा" हेसुद्धा खरं नाही. पॅकेज जवळात जवळचा माणूस देतं. तो मुळात किती लांब आहे, हे आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाही.

मी कोणताही डेटा हाती आला की स्कोअर काढून आधी दोन्ही गटांचे स्कोअर एकाखाली एक काढतो, `plot(m, type = "jitter")` इतकं पुरे. उजवीकडे प्रशिक्षितांची दाटी आणि त्याखाली तुलनेच्या गटाची तुरळक माणसं दिसली, की पुढे काय होणार ते कळतं.

मग करायचं काय? इथे एकच बरोबर उत्तर नाही, तुम्हाला कोणाबद्दल बोलायचं आहे त्यावर ते ठरतं. एक मार्ग, एकाच माणसाला अनेकदा वापरू देणं:

```r
m2 <- matchit(treat ~ age + educ + race + married + nodegree +
                re74 + re75 + I(re74 == 0) + I(re75 == 0),
              data = lalonde, method = "nearest",
              replace = TRUE, exact = ~ race, caliper = 0.2)
```

`exact = ~ race` मुळे वंश थेट जुळतो, आणि `caliper = 0.2` म्हणजे स्कोअरच्या प्रमाण विचलनाच्या एक पंचमांशापेक्षा लांबचा जोडीदार घ्यायचा नाही. १५६ जणांना आता ८७ मधूनच, पुन्हा पुन्हा वापरून, जोडीदार मिळतात. समतोल बराच सुधारतो. किंमत अशी की थोड्या माणसांवर फार भार येतो. उत्तर चारदोन जणांच्या १९७८च्या पगारावर टेकलेलं असू शकतं. `summary` मध्ये परिणामकारक नमुनासंख्या येते, ती बघा. वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज, इतकंच ते गणित आहे. तुलनेचे पन्नासेक वेगळे लोक वापरूनही ती पंचवीस-तीसवर आली, तर तुमच्या अंदाजात तितक्याच माणसांचा दम आहे असं समजा, आणि प्रमाण त्रुटीही त्या हिशेबानं, वजनं धरून काढा.

दुसरी किंमत कॅलिपरची, आणि ती लोक नेहमी विसरतात. ज्या प्रशिक्षितांना जवळचा जोडीदार नाही, ते गळतात. गळणारे सहसा सगळ्यात जास्त स्कोअरवाले, म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम आखला होता तीच माणसं. उरलेल्यांवरचा परिणाम हा सगळ्या १८५ जणांवरचा परिणाम राहत नाही. हे चुकीचं नाही. पण अहवालात किती गळले आणि त्यांचं वय, शिक्षण, आधीची कमाई काय होती, याचा तक्ता दिलाच पाहिजे. ज्यांच्यासारखं कोणी बाहेर नाही त्यांच्याबद्दल डेटा गप्प आहे. त्या ठिकाणी मॉडेल जे बोलतं, तो आपला तर्क असतो. दुसरा मार्ग `method = "full"`. त्यात कोणी गळत नाही, सगळ्यांना छोट्या गटांत बसवून वजनं दिली जातात. लहान डेटात मी बहुधा इथून सुरुवात करतो, पण भार थोड्यांवर येण्याची अडचण तिथेही असते.

समतोल तपासताना पी-मूल्य वापरू नका. मॅचिंगमध्ये माणसं कमी झाली की पी-मूल्य आपोआप वाढतं आणि फरक तसाच असूनही "फरक नाही" असं वाटतं. प्रमाणित फरक नमुन्याच्या आकारावर असा अवलंबून नसतो. त्याच्याबरोबर प्रचरणांचं, म्हणजे प्रमाण विचलनांच्या वर्गांचं, गुणोत्तरही बघा, ते एकच्या आसपास हवं. आणि हे सगळं `re78` कडे न बघता करा. मी सहकाऱ्यांना निकालाचा रकाना वगळूनच फाइल देतो. समतोल जमला, ठरलं, लिहून ठेवलं, मगच निकाल जोडायचा. नाहीतर पाच प्रकारे मॅचिंग करून आवडता आकडा निवडण्याचा मोह कोणालाही होतो, आणि वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. निकाल जोडल्यावर मॅचिंग झालेल्या डेटावर त्याच बाबी घालून समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन, करा. उरलेला छोटा झुकाव त्यानं निघतो.

### समतोल जमला तरी जे उरतं

समजा सगळे फरक ०.१ च्या आत आले. तरी काय सिद्ध झालं? मोजलेल्या बाबी जुळल्या, इतकंच. या कार्यक्रमात तुरुंगातून आलेले आणि व्यसनमुक्त झालेले लोक होते. lalonde मध्ये तुरुंगवासाचा रकाना नाही, व्यसनाचा नाही. प्रयोगात चिठ्ठीमुळे हे दोन्हीकडे सारखं वाटलं गेलं. मॅचिंगला न दिसलेलं काहीच जुळवता येत नाही. दोन वर्षांची कमाई या न दिसणाऱ्या गोष्टींची थोडी सावली धरून ठेवते, म्हणून ती इतकी मोलाची. पण सावलीच.

म्हणूनच या डेटाचा निवाडाही एकमुखी नाही. जेफ्री स्मिथ आणि पेट्रा टॉड यांनी २००५ मध्ये दाखवलं की दहेजिया-वाहबा यांचं यश कोणता उपनमुना घेतला आणि स्कोअरमध्ये काय घातलं यावर फार अवलंबून होतं. नमुना बदलला की अंदाज हलत होते. जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दुसऱ्या एका प्रशिक्षण कार्यक्रमाच्या डेटावर आधीच सांगितलं होतं की तुलनेचा गट त्याच स्थानिक रोजगार बाजारातला असावा आणि त्याला त्याच प्रश्नावलीनं विचारलेलं असावं. lalonde मध्ये दोन्ही नाही.

तुमच्या प्रबंधासाठी मला हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो, कारण डेटा गोळा झाल्यावर यातलं काही दुरुस्त करता येत नाही. तुलनेला कोणत्याही मोठ्या पाहणीतून माणसं उचलण्याआधी चौकशी करा: अर्ज करूनही जागा न मिळालेले किती आहेत, प्रतीक्षा यादी जपून ठेवली आहे का, त्याच तालुक्यात पुढच्या तुकडीत जाणारे कोण आहेत. अर्ज करण्याची इच्छा, घरून मिळालेली परवानगी, माहिती पोचणं, या गोष्टी कुठल्याच रकान्यात येत नाहीत, पण अर्जदार आणि अर्जदार यांच्यात त्या बऱ्याच सारख्या असतात. प्रशिक्षणाआधीच्या निदान दोन वर्षांची कमाई दोन्ही गटांना एकाच प्रश्नावलीतून विचारा, आणि शून्य कमाईचे महिने वेगळे नोंदवा. जागा कशी वाटली गेली हे केंद्रातल्या माणसाशी बसून समजून घ्या: गुणांवर, मुलाखतीवर, की आधी येईल त्याला. स्कोअरमध्ये काय घालायचं ते तुम्हाला त्या बोलण्यातून कळेल, एयूसीमधून नाही. आणि जागा ठरावीक गुणांच्या वर सरळ दिली जात असेल तर मॅचिंग सोडून द्या. तिथे स्कोअर एक किंवा शून्य होतो आणि जुळवायला कोणी उरत नाही. गुणांच्या त्या रेषेच्या थोडं वर आणि थोडं खाली असलेल्यांची तुलना करणारी खंडित समाश्रयणाची पद्धत तिथे लागते.